पहिल्या धारेची

“सर, यात काहीतरी टाकलंय.” होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, धडगावच्या पुढच्या एका पाड्यावर, सहकाऱ्याच्या ओट्यावर भिंतीला टेकून मी हे बोललो आणि ते त्याच्या मायने ऐकलं. तिला मराठी फारसं येत नाही, ती पावरी बोलते. पण ‘टाकलंय’ हा शब्द आणि तो उच्चारताना माझं झालेलं तोंड तिला बरोबर कळलं. तिने माझ्यापुढचा पळसाचा द्रोण उचलला, त्यातला मोहाच्या दारूचा उरलेला घोट माझ्याकडे बघत पिऊन टाकला आणि एक शब्द न बोलता चुलीकडे निघून गेली. त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे अख्खा सातपुडा एका बाजूला कलत होता, त्यामुळे लाज वाटायलाही थोडा वेळच लागला. साडेदहाची एसटी गेली. दुपारी जाग आली तेव्हा कुणीतरी अंगावर गोधडी टाकलेली होती, भर मार्चात.

रागावण्याचं कारण मला तेव्हा तरी पक्कं वाटत होतं. आदल्या रात्री त्याच घरात, त्याच बुढीच्या हातची, दोन द्रोण घेतली होती आणि काहीच झालं नव्हतं. ढोल चालू होते, मी चांगला उभा होतो, वर शहाणपणाने म्हणालोही होतो की याच्यापेक्षा आमच्याकडचं ताक कडक असतं. सकाळी पुन्हा दोनच द्रोण. चुलीवरचं मडकं तेच, बाटलीही तीच दिसली. वासही तोच: सुकलेल्या मनुकांसारखा गोड, खाली थोडा धुराचा आणि ओल्या मातीचा. मग पंधरा मिनिटांत पाय कसे गेले? भेसळ. दुसरं काय असणार? वर्तमानपत्रात असल्या बातम्या वाचत मोठे झालेलो आपण.

मी रसायनशास्त्र शिकवतो. हे सांगताना अजूनही कसंतरी होतं.

खरं म्हणजे एकाच भांड्यातल्या पेयाची ताकदही बदलते, हा धडा मला आठव्या वर्षीच मिळाला होता. आमचं गाव तापीकाठचं. नाल्याच्या कडेने शिंदीची झाडं होती आणि थंडीत एक जण सायकलला मडकी लटकवून पहाटे नीरा विकायला यायचा. वडील माळकरी, घरात दारूचं नावही निघायचं नाही, पण नीरा चालायची, कारण ती ‘थंड’. जानेवारीतल्या एका सकाळी आईने तांब्याभर जास्त घेतली आणि स्टीलच्या डब्यात झाकून ठेवली. चार वाजता शाळेतून आलो, डब्याचं झाकण काढलं तर ‘फुस्स’ आवाज झाला, वर पांढरा फेस. मला ते सोड्यासारखं वाटलं म्हणून मी सगळं पिऊन टाकलं आणि दिवेलागणीपर्यंत पडवीत झोपलो. काका नाडी बघून वडिलांना म्हणाले, “भाऊ, हाई ते ताडी व्हई गई.” वडिलांनी डबा उचलून उकिरड्यावर टाकला. डब्याचा काय दोष होता कोण जाणे.

त्या डब्यात सकाळी सहापासून चारपर्यंत जे चाललं होतं, तेच ताडीचं सगळं गूढ आहे. शिंदीच्या रसात शंभरात दहा-बारा भाग साखर असते आणि तो मडक्यात ठिबकत असतानाच आंबायला लागतो. झाडावरचं मडकं रोज तेच, धुतलं तरी त्याच्या मातीत कालचं यीस्ट आणि कालचे जिवाणू शिल्लक असतात, म्हणजे विरजण आधीच लागलेलं. नीरा म्हणून विकायची तर मडक्याला आतून चुना लावतात, त्याने हे काम लांबतं. चुना पातळ लागला, ऊन लवकर चढलं, की नीरेची ताडी व्हायला कुणाची परवानगी लागत नाही. सकाळी तिच्यात दारू जेमतेम एक टक्का, दुपारी चार-पाच, आणि दुसऱ्या दिवशी ती वाढत नाही, उलट आंबट होते, कारण आता दारू खाऊन तिचा व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंची पाळी आलेली असते. ताडी किती कडक असते, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर ‘किती वाजता?’ हेच आहे. घोट घेऊन गप्पा मारत बसलात तर दुसरा पेलाही त्याच ताकदीचा राहत नाही.

मोहाचं तसं नाही, असं मी समजत होतो. ती उकळून, गार करून काढलेली. बाटलीत भरली की जी आहे ती आहे. हे खरंच आहे, पण बाटलीत भरेपर्यंतच एवढं काही घडून गेलेलं असतं की बाटलीतल्या स्थिरपणाला फारसा अर्थ उरत नाही.

होळीची दारू मुळात शिळ्या फुलांची. नवीन मोह तेव्हा कुठे गळायला लागलेला असतो, पहाटे झाडाखाली पिवळट, रसरशीत, द्राक्षाएवढी फुलं पडतात, ती पुढे उन्हात वाळवून ठेवायची. म्हणजे होळीला जी भिजत घालतात, ती गेल्या वर्षीच्या चैत्रातली, एक आख्खा पावसाळा घरात काढलेली. सहकाऱ्याच्या घरात ती कुडाच्या भिंतीला टेकवलेल्या कणगीत होती. मी हात घालून पाहिली. वरची तांबूस, कोरडी, बेदाण्यासारखी सुटी. बुडाकडची काळी, चिकट, एकमेकांना धरून बसलेली, बुरशीचा उग्र वास येणारी. सुकं चांगलं फूल असेल तर त्याच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग साखर असते. ओल धरली की फूल वजनाला वाढतं आणि साखरेला कमी होतं, कारण बुरशीने आधीच आपला वाटा घेतलेला असतो. आणि माय काही वजन करत नाही. ती टोपलीने मोजते. वरून भरलेली टोपली आणि बुडातून खरवडलेली टोपली, दोन्ही तिच्या हिशेबात एकच.

भिजवलेल्या फुलांच्या त्या चिखलाला सडवा म्हणतात. (पोलिसांच्या पंचनाम्यात त्यालाच ‘रसायन’ म्हणतात. “इतके लिटर रसायन नष्ट केले” असं छापून आलं की माझे विद्यार्थी माझ्याकडे बघून हसतात.) सडव्याला विरजण म्हणून मागच्या खेपेचा थोडा गाळ घालायचा किंवा तोही नाही, फुलांवरचं आणि मडक्यातलं यीस्ट आपापलं कामाला लागतं. कोणतं यीस्ट, किती, कुणाला ठाऊक. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत होतं, थंडीत आठ-दहा लागतात. आपल्याकडची थंडी आणि आपल्याकडचा वैशाख यांच्यात किती अंतर आहे, हे खानदेशी माणसाला सांगायला नको. मडकं गार असेल तर काम रेंगाळतं. बाहेर चव्वेचाळीस आणि सडवा स्वतःच्या काहिलीने आणखी तापलेला असेल तर यीस्ट मधेच मान टाकतं, साखर तशीच राहते आणि ती आयती जिवाणूंच्या हाती लागते.

हे सगळं माय कानाने ओळखते. मडक्याच्या तोंडावरचा फडका बाजूला करून ती कान लावते. आत पावसाची बुरबुर चालावी तसा आवाज असतो. तो वाढतो, मग विरळ होतो. थांबला की त्याच दिवशी चूल पेटवायची. पाहुणा उशिरा येणार, लाकूड ओलं आहे, कुणाचं तरी मयत झालं, असं काही होऊन दोन दिवस पुढे गेले की झाकण काढताच नाकात आंबट चढतं. जी दारू झाली होती तिचा व्हिनेगर व्हायला लागलेला असतो. अशा सडव्यातूनही दारू निघते, पण थोडी आणि घशाला ओरखडणारी.

आता चुलीपाशी येतो, कारण माझा गुन्हा तिथेच उलगडला.

पुढच्या होळीला मी पुन्हा गेलो. सहकारी म्हणाला, “चला, या वेळी आधी भट्टी बघा, मग बोला.” मागची गोष्ट तो विसरला नव्हता, फक्त चांगल्या माणसासारखा हसून सांगत होता. सडव्याचं मडकं चुलीवर, त्यावर दुसरं मडकं उपडं, सांधा ओल्या मातीने लिंपलेला. वरच्या मडक्याच्या कुशीतून पोकळ वेळूची नळी निघून बाहेरच्या भांड्यात जाते, ते भांडं पाण्याच्या पातेल्यात बुडवलेलं. माय एका हाताने लाकडं मागे-पुढे सरकवत होती, दुसऱ्या हाताने पातेल्यातलं कोमट पाणी उपसून गार पाणी घालत होती. घाई नव्हती. जाळ मंद असला की मडक्याच्या गळ्यापाशी थोडी वाफ थिजून परत खाली पडते, तिच्यात पाणी जास्त असतं, त्यामुळे पुढे जाते ती जरा जास्त कडक. जाळ भडकला तर सगळंच धावत सुटतं, कधी तर सडव्याचा फेसही नळीतून येतो आणि दारू गढूळ होते. पातेल्यातलं पाणी तापलं तर मुख्य मालच थिजल्याशिवाय हवेत जातो. तो गेला की अख्ख्या पाड्याला वासाने कळतं, पण भांड्यात काही दिसत नाही.

तिथे बसून मी मनातल्या मनात हिशेब मांडला आणि घरी येऊन तो कागदावर केला. समजा ३ किलो बरी फुलं, पाणी धरून सडव्यातला रस १० लिटर. फुलांतली साखर साधारण दीड किलो. तिची सगळी दारू झाली तर शुद्ध अल्कोहोल १ लिटरच्या आसपास व्हायला हवं. प्रत्यक्षात यीस्टचं खाणं, आंबणं, राहून गेलेली साखर वजा जाता ८०० मिली धरू. म्हणजे सडवा ८ टक्क्यांचा. आता तो उकळला. पाण्यापेक्षा अल्कोहोल लवकर उडतं, पण ते एकटं उडत नाही, पाण्याला हाताशी धरूनच उडतं. ८ टक्क्यांच्या रसावरची पहिली वाफ सुमारे ५० टक्क्यांची असते. पण जसजसं अल्कोहोल निघून जातं तसा मागचा रस फिका होतो आणि त्यावरची वाफही फिकी होत जाते. पहिला लिटर जमेपर्यंत सरासरी ४३ टक्के. मग मडक्यात ९ लिटर उरले आणि अल्कोहोल निम्म्याहून कमी. दुसरा लिटर निघतो तो २५ टक्क्यांचा. तिसरा १० चा. चौथ्यात जवळजवळ गरम पाणीच.

एकाच मडक्यातून, एकाच सकाळी, एकाच बाईच्या हातून ४३, २५ आणि १०.

‘पहिल्या धारेची’ हा शब्द आपण किती सहज वापरतो. अस्सल माणसाला, खणखणीत विनोदाला, अगदी कडक चहालासुद्धा. आणि तरी पहिली धार म्हणजे ठरलेली ताकद असं नाहीच. तोच हिशेब बुडाच्या काळ्या फुलांनी करून पाहा. साखर एक किलोच, सडवा ५ टक्क्यांचा, तर त्याचा पहिला लिटर सरासरी ३० टक्क्यांचा निघेल. चांगल्या सडव्याच्या पहिल्या दोन धारा एकत्र केल्या तर ३४ येतात. म्हणजे वाईट फुलांची पहिल्या धारेची ही चांगल्या फुलांच्या मिसळलेल्या दारूपेक्षा फिकी. आणि धार कुठे संपली हे ठरवणार कोण? कुणाकडे लिटरचं माप नाही. भांडं भरलं की बदलायचं, भांडं केवढं ते घरागणिक वेगळं. एरवी माय सगळ्या धारा एका घागरीत मिसळते आणि बोट बुडवून चाखते. फार तिखट लागली तर भट्टी चालू ठेवते, फिकी वाटली तर थांबते. दुकानातल्या बाटलीवर ४२.८ छापलेलं असतं, ते तितकंच येतं, कारण तिथे आधी मोजतात आणि मग पाणी घालून त्या आकड्यावर आणतात. मायची जीभ हेच काम करते, फक्त जिभेला सकाळी एक आणि दहा वेळा चाखल्यावर दुसरंच लागतं.

मग मला वाटलं, जाळून बघतात ना? तो तर पुरावा झाला. सगळ्या खानदेशात हीच कसोटी सांगतात: चुलीत थोडी शिंपडायची किंवा बशीत घेऊन काडी लावायची, निळी पेटली की अस्सल. मी शाळेच्या प्रयोगशाळेत स्पिरिटमध्ये पाणी घालून वेगवेगळ्या ताकदीची मिश्रणं केली आणि जानेवारीतल्या एका सकाळी काडी लावून पाहिली. खोलीत १४ अंश. ४० टक्क्यांचं मिश्रण काडीला दाद देईना. मेमध्ये पुन्हा केलं. शहाद्याची दुपार, खोलीत ४१ अंश, पंखा बंद. या वेळी २० टक्क्यांचंही पेटलं. ज्योत उजेडात दिसतसुद्धा नव्हती, बशीवर हात धरला तेव्हा कळलं. भकभकली आणि विझली, पण पेटली. कारण सरळ आहे. द्रव पेटत नसतो, त्याच्यावर जमलेली वाफ पेटते, आणि पुरेशी वाफ जमायला ४० टक्क्यांच्या मिश्रणाला २६ अंश लागतात, २० टक्क्यांच्या मिश्रणाला ३६. आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतच ३६ च्या वर असतं. म्हणजे वैशाखातल्या लग्नात जी दारू ‘पेटली, अस्सल आहे’ म्हणून मिरवते, तीच पौषात पेटली नसती आणि तिला पाणी घातलेली म्हणून शिव्या बसल्या असत्या. आणि भट्टीवरून नुकतीच काढलेली कोमट दारू तर कोणत्याही महिन्यात उठून दिसणार. किती वाण्यांची, किती बायकांची इज्जत या काडीने घेतली असेल. ती विषारी नाही, एवढं तर ज्योत मुळीच सांगत नाही. कारखान्यातलं मिथिल अल्कोहोल मिसळलेली दारूही निळीच जळते.

त्या होळीला मी टॉवेलात गुंडाळून, अल्कोहोलचा टक्का दाखवणारा काचेचा हायड्रोमीटर नेला होता. मायने तो हातात घेऊन ताप बघायचा आहे का असं विचारलं. पहिल्या भांड्यातलं थोडं बाजूला काढून त्यात सोडला तर आकडा ५२ वर. मी चकित. मग आठवलं, माल अजून कोमट आहे, आणि हे यंत्र २० अंशाला बेतलेलं. दर अंशाला ते साधारण पाव ते अर्धा टक्का जास्त दाखवतं. गार होऊ दिलं, परत बघितलं, ४६. तिसऱ्या भांड्यात १२. माझ्या कागदाशी जुळण्यासारखं होतं. मला उगाच आनंद झाला. मग उत्साहात शेजारच्या घरून आणलेल्या ताडीतही बुडवला, तर यंत्र वर येऊन शून्याच्याही बाहेर डोलायला लागलं. ताडीत उरलेली साखर रस जड करते, दारू हलका करते, यंत्राला दोघांच्या भांडणातलं एकच उत्तर दिसतं. पोरं खदखदा हसली. माय हसली नाही. तिने पहिल्या भांड्यातली दारू बाटलीत घालून अंगठ्याने तोंड दाबून हलवली आणि माझ्यापुढे धरली. काठाला मोठे, टपोरे बुडबुडे साखळीसारखे उभे राहिले. मग तिसऱ्या भांड्यातली हलवली. बारीक फेस आला आणि गेला. सहकारी म्हणाला, “तिचं यंत्र हे आहे.”

मागच्या वर्षीचं कोडं त्यानेच फोडलं, जेवताना, सहज. त्या रात्री मी पोहोचलो तोवर पाहुण्यारावळ्यांनी चांगली दारू संपवलेली होती, मला मिळाली ती शेवटच्या भांड्यातली. दोन द्रोण, द्रोण नव्वद मिलीचा धरला आणि ताकद १२, तर शुद्ध अल्कोहोल जेमतेम २२ मिली. ताक कडक वाटलं त्यात नवल नाही. मायला त्याचं वाईट वाटलं होतं. लांबून आलेला मास्तर आणि त्याला धुवण दिलं. म्हणून ती रात्री झोपली नाही, दुसरं मडकं लावलं, आणि पहाटे जी पहिली धार आली त्यातले चार थेंब जमिनीवर देवाला घालून, मिसळण्याआधीच, बाजूला काढून मला दिली. घरातल्या कुणालाही नाही. उपाशीपोटी, ४५ च्या आसपासची, दोन द्रोण. ८१ मिली. आदल्या रात्रीच्या जवळजवळ चौपट.

तेव्हा मला नीट माफी मागता आली नाही. पावरीत ती कशी मागतात हे मला येत नव्हतं आणि मराठीत मागितली असती तर सहकाऱ्याला मधे बसून तिचा अनुवाद करावा लागला असता, ते त्याला आणि मला दोघांनाही अवघड झालं असतं. मी फक्त द्रोण पुढे केला. माझ्या मनात भीतीही होती, खोटं कशाला सांगू. एसटी साडेदहाचीच होती. मायने बाटली उचलली, माझ्याकडे बघितलं, ती खाली ठेवली आणि चुलीमागून दुसरं भांडं घेऊन आली.

“कोणत्या धारेची?” मी विचारलं.

सहकाऱ्याने विचारून घेतलं. ती काय म्हणाली ते सांगताना त्याला हसू आवरेना.

“शेवटची, म्हणते. मास्तरला हीच बरी.”